एक नंबरची तीन बिलं

एक एप्रिलच्या दुपारी मी नुकताच डबा उघडला होता आणि नागपूरलगतच्या वाडीहून फोन आला. बोलत होते कूलरच्या सामानाच्या गोडाऊनचे नवे इन्चार्ज. आवाज इतका चढलेला, की पलीकडच्या टेबलाशी बसलेल्या सरांनीही मान वर केली.

"मॅडम, आपली गाडी धरली सावनेरच्या पुढं. टॅक्सवाले म्हणून राहिले का बिल खोटं आहे म्हणून. ड्रायव्हरले खाली उतरवून बसवलं. तुमी सांगा, बिल खोटं कसं असन? तुमच्याच सॉफ्टवेअरमधून काढलं ना आमी!"

मी एवढंच विचारलं, "खोटं म्हणजे काय?"

"थ्या बिलावरचा चौकोन मोबाइलनं स्कॅन केला तर दुसऱ्याच पार्टीचं नाव येऊन राहिलं. माल चालला छिंदवाड्याले, अन् नाव अमरावतीच्या दुकानाचं."

मला वाटलं, त्यांचा काहीतरी गोंधळ झालाय. दोन कागद अदलाबदल झाले असतील, प्रिंटरवरून उचलताना होतं असं. प्रतापनगरच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर बनवायचो. ते मूळ लिहिलं होतं सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी. मी तिथं रुजू होऊन जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि वाडीच्या गोडाऊनचं काम नुकतंच माझ्याकडे आलं होतं. सर म्हणाले, "जाऊन ये. कागद बदलले असतील. आपलं सॉफ्टवेअर वर्षानुवर्षं चालतंय."

सावनेरकडे जाताना इन्चार्जांनी मला रिंग रोडवरून गाडीत घेतलं. बाहेर ऊन असं की काचेला हात लागला तरी चटका बसावा. नागपुरात मार्च संपता संपता सगळ्यांना एकदम कूलर आठवतो. कोणाला मोटर हवी असते, कोणाला पंप, कोणाला जाळ्या. त्यात वर्षअखेरीच्या हिशेबामुळे आदल्या दिवशी बिलिंग लवकर बंद केलेलं, म्हणून सकाळी गोडाऊनसमोर गाड्यांची रांग लागली होती. इन्चार्ज हे सगळं भडाभडा सांगत होते. कोराडीच्या वीजकेंद्राच्या चिमण्या मागे पडेपर्यंत मी मांडीवर लॅपटॉप उघडला होता आणि मोबाइलचं नेट जोडून गोडाऊनची त्या दिवशीची बिलं काढली होती.

पहिली ओळ: नंबर एक, अमरावती.
दुसरी ओळ: नंबर एक, छिंदवाडा.
तिसरी ओळ: नंबर एक, भंडारा.
त्याखाली दोन, तीन, चार, पुढे सगळं व्यवस्थित.

मी पुन्हा पाहिलं. स्क्रीन रिफ्रेश केली आणि परत पाहिलं. तीन वेगळे दुकानदार, तीन वेगळ्या गाड्या, तीन वेगळे माल, आणि तिन्हींचा बिल नंबर एकच.

"काय झालं?" इन्चार्जांनी विचारलं.

"कागद बदललेले नाहीत," मी म्हणाले.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांना वाटेल, नंबर सारखा आला तर आला, खोडून दुसरा टाका. पण एका वर्षात एका नंबरचं एकच बिल असावं, हा कायदा आहे. हे वर्ष जानेवारीचं नाही, एप्रिल ते मार्च असं चालतं. म्हणून दर एक एप्रिलला सगळे व्यापारी पुन्हा एकपासून सुरू करतात. मोठ्या व्यापाऱ्याचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवावं लागतं. पोर्टल त्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देतं आणि चौकोनी कोड देतं. तो ओळखक्रमांक विकणाऱ्याचा जीएसटी क्रमांक, आर्थिक वर्ष, कागदाचा प्रकार आणि बिल नंबर या चार गोष्टींतूनच तयार होतो. घेणारा कोण, माल कोणता, हे त्यात येतच नाही. म्हणजे त्या सकाळची आमची तिन्ही बिलं पोर्टलच्या दृष्टीनं एकच बिल होती.

सावनेरच्या पुढे रस्त्याकडेला, एका बंद ढाब्याच्या पत्र्याच्या सावलीत टॅक्सच्या पथकाची जीप उभी होती. आमची गाडी उन्हात होती आणि तिच्या पुढच्या चाकाला टेकून ड्रायव्हर जमिनीवर बसलेला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस, डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला. आम्हाला पाहून तो उठला नाही. कोणी मेल्याची बातमी ऐकून माणूस बसतो, तसा तो बसला होता.

अधिकारी तरुण होता आणि तिरसट अजिबात नव्हता. त्यानं शांतपणे मला दाखवलं. बिलावरचा कोड स्कॅन केला, मोबाइलवर अमरावतीच्या दुकानाचं नाव आलं. मग ई-वे बिलाचा, म्हणजे माल वाहून न्यायच्या सरकारी परवान्याचा, नंबर तपासला. त्यावर गाडी नंबर होता सकाळीच अमरावतीकडे गेलेल्या गाडीचा.

"मॅडम, तुम्ही माझ्या जागी असता तर काय समजला असता?" तो म्हणाला. "एका खऱ्या बिलाचा कोड दुसऱ्या कागदावर छापून माल बाहेर काढायचा. असे प्रकार आम्ही पाहतो. याला विचारलं, हे कुठं छापलं, तर हा म्हणतो मला माहीत नाही."

ड्रायव्हर बसल्या जागेवरून म्हणाला, "मले काय मालूम राहीन साहेब? मले कागद देला, मी घेतला. आजपर्यंत कोणाचा एक खिळा नाही उचलला मी." मग माझ्याकडे वळून, "बाई, तुमीच सांगा यायले. मी चोर आहो का?"

मी त्याला सांगितलं की चूक तुमची नाही, संगणकाची आहे. हे बोलताना मलाच ते फार किरकोळ वाटलं. "संगणकाची चूक अन् मले खाली बसवलं काहून?" त्यानं विचारलं.

मी लॅपटॉपवर तिन्ही बिलं अधिकाऱ्याला दाखवली. त्यानं ती नीट पाहिली. माझा जबाब लिहून घेतला. तो म्हणाला, "तुम्ही खरं सांगताय असं मला वाटतंय. पण गाडीसोबत या मालाचा वैध कागद नाही, ही वस्तुस्थिती आहे. आत्ता नवीन बिल काढून आणलंत तरी धरल्यानंतरचा कागद मला मान्य करता येत नाही. नोटीस काढावी लागेल." आणि त्यानं ती काढली. गाडी जवळच्या पोलिस ठाण्याच्या आवारात नेऊन लावली. गोडाऊनच्या मालकांनी दंड भरून ती दुसऱ्या दिवशी सोडवली आणि पुढे अपील केलं. अमरावतीचा कागद खरा होता, त्याला काही झालं नाही. भंडाऱ्याचा टेम्पो वाटेत कुणी अडवला नाही. तिथल्या दुकानदाराला फोन करून आधीचं बिल रद्द केलं आणि नवीन नंबरचं, पोर्टलवर रीतसर नोंदवलेलं बिल पाठवलं.

ऑफिसात परतले तेव्हा सर वाटच बघत होते. मी सांगितलं. ते हसले. खरंच हसले, कारण त्यांचा विश्वासच बसला नाही.

"होऊच शकत नाही. मी कुलूप लावलंय त्याला. एक जण नंबर घेत असताना दुसऱ्याला थांबावंच लागतं."

"मग दाखवा," मी म्हणाले.

त्यांनी त्यांचा जुना कोड उघडला. आम्ही दोघं शेजारी बसून ओळ न् ओळ वाचत गेलो. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेवटचा नंबर ठेवायला त्यांनी एक वेगळा तक्ता केला होता, त्यात प्रत्येक वर्षाची एक ओळ. बिल सेव्ह करताना प्रोग्राम या वर्षाची ओळ शोधायचा, तिला कुलूप लावायचा, आकडा एकनं वाढवायचा आणि तो नंबर बिलाला द्यायचा. दुसरा कोणी त्याच क्षणी आला तर कुलूप उघडेपर्यंत थांबायचा. वर्षभर हे चोख चालायचं.

"बघ," सर म्हणाले.

"सर, खालची ओळ वाचा. या वर्षाची ओळ सापडलीच नाही तर?"

"तर नवीन ओळ टाकायची, एकपासून."

"आणि नसलेल्या ओळीला कुलूप कसं लागणार?"

त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली. एक एप्रिलला नव्या वर्षाची ओळ अस्तित्वातच नसते. तिघांनी एकाच क्षणी सेव्ह दाबलं. तिघांनीही ओळ शोधली, तिघांनाही ती मिळाली नाही. तिघांनी आपापली नवी ओळ टाकली आणि एक हाच नंबर घेतला. आम्ही तक्ता उघडून पाहिला. चालू वर्षाच्या तिथं खरोखर तीन ओळी होत्या. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला ओळी सापडल्या, तिन्हींना कुलूप लागलं, तिन्ही सोबतच वाढत गेल्या. म्हणून दोनपासून पुढे सगळं ठीक होतं.

"पण एकसारखे तीन नंबर डेटाबेसनं घेतले कसे?" मी विचारलं. "बिलांच्या तक्त्यावर मनाईचा नियम नाही?"

सरांनी कपाळाला हात लावला. नियम होता, ते म्हणाले. अगदी सुरुवातीला त्यांनी तो लावला होता, पण फक्त नंबरवर. पहिला एप्रिल आला, नंबर पुन्हा एकवर गेला आणि डेटाबेस म्हणाला, एक नंबर आधीच आहे, घेणार नाही. गोडाऊनचं काम अडलं, लोक ओरडायला लागले, तेव्हा त्यांनी तो नियमच काढून टाकला. वर्ष आणि नंबर मिळून एकदाच यावं, असा बदललेला नियम नंतर लावायचा होता. तो राहून गेला.

पोर्टलचंही तसंच. वाडीत नेट सारखं तुटतं. बिल पोर्टलवर पोचतं पण उत्तर परत येत नाही, मग पुन्हा पाठवलं की पोर्टल म्हणतं, हे बिल आधीच नोंदलेलं आहे. त्यासाठी सरांनी सोय केली होती: असं उत्तर आलं की आधीचाच ओळखक्रमांक, कोड आणि ई-वे नंबर घ्यायचा आणि छापायचा. ते आधीचं बिल आपलंच आहे की दुसऱ्या कोणाचं, हे तपासायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

हे सगळं कळल्यावरही एक गोष्ट माझ्या गळी उतरेना. "सर, हे इतकी वर्षं झालं कसं नाही? दर एप्रिलला व्हायला हवं होतं."

मी इन्चार्जांना फोन लावला आणि विचारलं, सकाळी नेमकं काय केलं?

"काय केलं म्हणजे? नारळ फोडला. गाड्या उभ्या होत्या, म्हणून मी बिलिंगच्या पोट्टीपोट्ट्यायले आधीच सांगून ठेवलं होतं, बिलं भरून तयार राहा. नारळ फुटला अन् मी म्हटलं, चला, हाना सेव्ह! सगळ्यायनं सोबतच दाबलं. तिघं तिघं ओरडून राहिले होते का माझा पहिला नंबर आला, माझा पहिला नंबर आला. आमी हसलो. मस्करी समजलो."

"आणि गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी मी नव्हतो. काकाजी होते."

काकाजी म्हणजे गोडाऊनचे जुने मॅनेजर. दिवाळीनंतर निवृत्त होऊन ते घरी बसले होते. त्यांचा नंबर घेऊन मी फोन केला. मी काहीच न सांगता फक्त विचारलं, काकाजी, एक एप्रिलला तुम्ही बिलिंग कसं सुरू करायचे?

"काही नाही बेटा. सकाळी नारळ फोडायचा, उदबत्ती लावायची. पहिलं बिल मीच काढत होतो. तोवर बाकीच्यायनं हात लावायचा नाही. नव्या वर्षाचं पहिलं बिल आहे, शांतीनं झालं पाहिजे. ते छापून देवापुढं ठेवलं, का मग म्हणायचो, करा सुरू." मग त्यांनी विचारलं, "काहून विचारून राहिली?"

मी सांगितलं. मग ते म्हणाले, "म्हणजे मी नसतो तर हे दरसाल झालं असतं?"

"हो."

"अन् हे कोणालेच मालूम नव्हतं?"

"नाही काकाजी. तुम्हालाही नव्हतं."

"मले कसं राहीन? मी त देवाले नमस्कार करत होतो बेटा," ते म्हणाले. त्यांना त्यात काही मोठेपणा वाटला नाही. उलट ते घाबरल्यासारखे वाटले. फोन सरांनी स्पीकरवर ऐकला होता. ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या सॉफ्टवेअरचा भरवसा इतकी वर्षं एका माणसाच्या उदबत्तीवर चालला होता, हे त्यांना कसं वाटलं असेल, मी विचारलं नाही. मला स्वतःला भीती वाटली. आमचं हेच सॉफ्टवेअर आणखी कितीतरी दुकानांत होतं. तिथं पहिलं बिल कोण काढत होतं?

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दुसरं काही केलं नाही. आधी बाकीच्या ग्राहकांची बिलं तपासली. बहुतेक ठिकाणी एकच माणूस बिलं काढायचा, ते वाचले होते. मग दुरुस्ती. नंबरांच्या तक्त्यात एका व्यापाऱ्याची एका वर्षाची एकच ओळ असू शकेल, असा नियम डेटाबेसलाच घालून दिला. ओळ नसेल तर टाकायचा प्रयत्न सगळ्यांनी करावा, पण टिकेल एकाचीच. बाकीच्यांनी क्षणभर थांबून तीच ओळ वापरावी. नंबर वाढवणं आणि बिल सेव्ह होणं एकाच गाठीत बांधलं. बिल काही कारणानं सेव्ह झालं नाही तर नंबरही मागे फिरतो आणि मधे भोक पडत नाही. बिलांच्या तक्त्यावर व्यापारी, वर्ष आणि नंबर मिळून एकदाच, हा राहून गेलेला नियम लावला. पोर्टल म्हणालं की बिल आधीच नोंदलेलं आहे, तर घेणाऱ्याचं नाव आणि रक्कम ताडून पाहायची. जुळलं नाही तर छपाई बंद.

हे करताना आणखी एक गोष्ट सापडली आणि मी खुर्चीत मागे रेलले. प्रोग्राम चालू वर्ष ठरवायचा सर्व्हरच्या घड्याळावरून, आणि ते घड्याळ भारताच्या वेळेवर नव्हतंच. आपल्याकडे एक एप्रिल उजाडला तरी सकाळी साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी एकतीस मार्चच चालू असायचा. इतक्या सकाळी वाडीत कोणी बिल काढत नाही म्हणून हेही निभावलं होतं. ते बदलून वर्ष बिलावरच्या तारखेवरून ठरेल असं केलं. सर म्हणाले, "आता आणखी काही दाखवू नकोस आज." त्यांचा आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता.

चाचणी आम्ही गोडाऊनमध्येच घेतली. खऱ्या डेटाची नक्कल केली, पुढच्या वर्षाची रिकामी पाटी ठेवली आणि बिलिंगच्या सगळ्या मुलामुलींना सांगितलं, पुढच्या एक एप्रिलची तारीख टाकून खोटी बिलं भरा आणि माझ्या इशाऱ्यावर सोबत दाबा. ज्यांनी त्या सकाळी हसत सेव्ह दाबलं होतं, तीच ही मुलं. आता कोणी हसलं नाही. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पुन्हा तसंच झालं तर गाडी नाही ना धरणार?" तिला नक्कल म्हणजे काय ते सांगावं लागलं. मी हात खाली केला. सगळ्यांनी दाबलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, प्रत्येकाचा वेगळा. आम्ही पाटी पुसून पुन्हा केलं, आणि पुन्हा. मग ऑफिसातून एक छोटा प्रोग्राम लावून शेकडो बिलं एकाच क्षणी सोडली. एकही नंबर दोनदा आला नाही, एकही सुटला नाही.

ड्रायव्हरला मी त्यानंतर एकदाच भेटले. गोडाऊनच्या फाटकापाशी तो आपला हिशेब घ्यायला आला होता. छिंदवाड्याच्या मार्गावर त्यानं गाडी चालवणं सोडलं होतं, आता शहरातच कुणाची तरी पाण्याची गाडी चालवत होता. मी म्हणाले, दुरुस्ती झाली, आता तसं होणार नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. मग खाली बघत, "गावात कोणीतरी सांगितलं का मले टॅक्सवाल्यायनं धरलं म्हणून. आता कोणाकोणाले सांगत बसू का थो कम्प्युटर होता?"

मी कंपनीच्या लेटरहेडवर लिहून देते म्हणाले. त्यानं मान हलवली. "कागद नको बाई," तो म्हणाला आणि फाटकाबाहेर गेला. मी तिथंच उन्हात उभी राहिले. इन्चार्ज आतून मला हाक मारत होते, कुठल्याशा बिलाचा पत्ता बदलायचा होता.